शेअर दाबल्यावर नेमकं काय जातं? गॅलरी, क्रोम आणि डाउनलोडमधून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची पद्धत

समजा, गावाकडच्या काकांना पुण्यातल्या पुतण्याकडे बँकेच्या कर्जासाठी तीन गोष्टी पाठवायच्या आहेत. पहिली, जुन्या फेरफार नोंदीच्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो. दुसरी, एका सरकारी योजनेची माहिती असलेलं वेबपान. तिसरी, संकेतस्थळावरून उतरवलेला डिजिटल सातबारा. काका तिन्ही ठिकाणी तेच तीन ठिपके जोडलेलं शेअरचं चिन्ह दाबतात, तिन्ही वेळा व्हॉट्सअ‍ॅप निवडतात आणि तिन्ही पोचल्याच्या दोन टिका दिसतात. तासाभरात पुतण्याचा फोन येतो. कागदावरचे आकडे वाचता येत नाहीत, योजनेची लिंक उघडली की लॉगिन मागते, आणि सातबारा म्हणून जे आलंय तीही लिंकच आहे, उघडली की 'सत्र संपले' असं काहीतरी दिसतं.

बटण तिन्ही ठिकाणी एकच असलं, तरी त्यातून जाणारी वस्तू प्रत्येक वेळी वेगळी होती. गॅलरीतून शेअर केलं की चित्र जातं, ब्राउझरमधून पत्ता जातो आणि फाइल्सच्या अ‍ॅपमधून फाइल जाते. पलीकडे काय आणि कोणत्या अवस्थेत पोचेल हे या फरकावर ठरतं. खाली सगळं अँड्रॉइड आणि व्हॉट्सअ‍ॅप धरून सांगितलं आहे, आयफोनचं वेगळेपण शेवटाकडे आहे. बहुतेकांचे फोन इंग्रजीत असतात म्हणून बटणांची नावं पडद्यावर दिसतात तशीच दिली आहेत. फोन मराठीत असेल तर Share च्या जागी 'शेअर करा' दिसेल.

शेअरची यादी कशी तयार होते

तुम्ही Share दाबता तेव्हा गॅलरी किंवा क्रोम थेट व्हॉट्सअ‍ॅपशी बोलत नाही. ते अँड्रॉइडला सांगतं, 'माझ्याकडे अमुक प्रकारची वस्तू आहे, कोण घेईल?' हा प्रकार ठरावीक शब्दांत लिहिलेला असतो. फोटो असेल तर `image/jpeg`, पीडीएफ असेल तर `application/pdf`, लिंक किंवा मजकूर असेल तर `text/plain`. तो प्रकार घ्यायला तयार असलेली अ‍ॅप तेवढी यादीत येतात. म्हणून फोटो शेअर करताना दिसणारं एखादं अ‍ॅप पीडीएफच्या वेळी गायब होतं. ते बिघडलेलं नसतं, त्याला पीडीएफ नको असते एवढंच.

यादी उघडली की सगळ्यात वर काय पाठवताय त्याची छोटी झलक असते. ती बघायची सवय लावून घ्या, कारण चूक इथेच पकडता येते. चित्र दिसलं तर चित्र जाणार, `https://` ने सुरू होणारी ओळ दिसली तर फक्त पत्ता जाणार, आणि `.pdf` ने संपणारं नाव दिसलं तर फाइल जाणार. काकांनी सातबारा पाठवताना वर नजर टाकली असती, तर तिथे फाइलचं नाव नसून पत्ता आहे हे लगेच कळलं असतं.

झलकेखाली माणसांची आणि ग्रुपची गोल चित्रं येतात. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ साली, आवृत्ती ६ बरोबर आली. वेळ वाचतो खरा, पण घोटाळे सर्वांत जास्त इथेच होतात. ही ओळ स्थिर नसते, कोणाशी अलीकडे बोललात त्यावर बदलत राहते. काल जिथे पुतण्या होता तिथे आज सोसायटीचा ग्रुप असू शकतो. कागदपत्रं पाठवताना ही ओळ सोडून द्या, खालच्या ओळीतलं व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह दाबा आणि नाव शोधून निवडा. चार सेकंद जास्त लागतात.

व्हॉट्सअ‍ॅप यादीत खाली गेलं असेल तर उजवीकडे किंवा वर सरकवून बघा, किंवा More दाबा. पुष्कळ फोनवर अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरलं की Pin असा पर्याय येतो. तो निवडला की ते अ‍ॅप पुढे राहतं. एकाच फोनवर दोन व्हॉट्सअ‍ॅप चालवणाऱ्यांना यादीत दोन चिन्हं दिसतात किंवा कोणतं ते विचारलं जातं. धंद्याच्या नंबरावरून घरचे फोटो जातात ते इथल्या घाईमुळे.

गॅलरीतून फोटो

पायऱ्या सोप्या आहेत.

1. गॅलरी किंवा गूगल फोटोज उघडा. एका फोटोवर बोट दाबून धरा, त्यावर बरोबरची खूण आली की बाकीच्या फोटोंवर नुसती टिचकी मारत जा. वर किती निवडले तो आकडा दिसतो.
2. Share दाबा आणि खालच्या ओळीतून व्हॉट्सअ‍ॅप निवडा.
3. 'Send to…' असं पान येतं. सगळ्यात वर My status असतं. ते चुकून निवडलं तर फोटो स्टेटसवर, म्हणजे तुमच्या संपर्कांपुढे जातो. खालून नाव निवडा किंवा भिंगाच्या चिन्हाने शोधा, मग हिरवा बाण दाबा.
4. आता फोटो मोठा दिसतो. खाली ज्याला पाठवताय त्याचं नाव असतं. ते वाचा, हवी तर ओळभर माहिती लिहा आणि पाठवा.

एका वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर १०० पर्यंत फोटो-व्हिडिओ जातात, २०२३ पूर्वी ही मर्यादा ३० होती. एकाच फेरीत जास्तीत जास्त ५ चॅट निवडता येतात. सहावं नाव निवडू पाहिलं की अडतं, तेव्हा फोन बिघडला असं समजू नका.

खरी अडचण चौथ्या पायरीवर असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. साध्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ४००० × ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या दर्जात पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० वर आणतं, म्हणजे फोटो १६०० × १२०० चा होतो. गणित करा: एक कोटी वीस लाख ठिपक्यांपैकी उरतात एकोणीस लाख. त्यावर जेपीजीचं दाबणं आणखी होतं. नदीकाठचा फोटो, वाढदिवसाचा फोटो यांत हे कोणाला जाणवत नाही. पण पूर्ण पानाच्या कागदावर दोन-तीन मिलिमीटर उंचीचं हस्ताक्षर असेल, तर एका अक्षराच्या वाट्याला इतके थोडे ठिपके येतात की ३ आणि ८ सारखेच दिसू लागतात. काकांच्या फेरफाराचं हेच झालं.

उपाय दोन आहेत आणि ते कधी वापरायचे ते वेगळं आहे.

पहिला उपाय म्हणजे HD. चौथ्या पायरीवर फोटोच्या वर HD असं चिन्ह असतं. ते दाबून HD quality निवडा. ही सोय २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली. रोज कागदच पाठवायचे असतील तर व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Storage and data, त्यात Media upload quality इथे कायमचं HD करून ठेवता येतं. डेटा जास्त जातो आणि समोरच्याची जागाही जास्त खाल्ली जाते, तेव्हा लग्नाच्या शंभर फोटोंसाठी ते चालू ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरा उपाय म्हणजे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवणं. यात फोटोला हातच लागत नाही, मूळ फाइल जशी आहे तशी जाते. पण एक गोम आहे, आणि ती ठाऊक नसल्याने लोक तासभर झगडतात: हे शेअरच्या यादीतून होत नाही. गॅलरी म्हणते 'हे `image/jpeg` आहे', व्हॉट्सअ‍ॅप म्हणतं 'म्हणजे फोटो', आणि तो दाबून पाठवला जातो. फाइल्सच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तिथून शेअर केलं तरी प्रकार तोच असल्याने निकाल तोच. त्यासाठी उलट दिशेने जावं लागतं. आधी चॅट उघडा, पेपरक्लिपचं चिन्ह दाबा, Document निवडा आणि तिथून तो फोटो उचला. तो चॅटमध्ये चित्र म्हणून न दिसता नाव आणि आकार लिहिलेल्या पट्टीसारखा दिसला, की काम बरोबर झालं. पट्टीवर ३ किंवा ४ एमबी असा आकार दिसायला हवा.

मूळ फाइल जशीच्या तशी जाते याला दुसरी बाजू आहे. कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असेल, तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलच्या पोटात असतात. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप ही माहिती काढून टाकतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवताना ती तशीच जाते. विहिरीचा फोटो बँकेला द्यायचा असेल तर ठिकाण राहिलेलं बरंच. जुनं कपाट विकायला काढलंय आणि अनोळखी माणसाला फोटो पाठवताय, तर घराचा पत्ता सोबत देण्याचं कारण नाही.

बाकी दोन गोष्टी पटकन सांगतो. गूगल फोटोजमध्ये Free up space वापरलं असेल तर कित्येक फोटो फोनमध्ये नसतातच, फक्त लहान प्रतिमा दिसते आणि मूळ गूगलच्या सर्व्हरवर असतं. शेअर केल्यावर ते आधी खाली उतरतं. रेंज कमी असली की तिथेच अडकून राहतं आणि लोक व्हॉट्सअ‍ॅपला नावं ठेवतात. फोटो उघडून वर सरकवला की माहिती दिसते. तिथे On device आणि त्यापुढे आकार लिहिलेला असेल तर फोटो फोनमध्ये आहे, फक्त Backed up दिसलं तर आधी वायफायवर डाउनलोड करून घ्या. दुसरं असं, की गूगल फोटोजच्या शेअर पानावर Create link असाही पर्याय असतो. त्यातून फोटो जात नाही, लिंक जाते, आणि ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फोटो दिसतो.

आणि पाठवला म्हणून मूळ फोटो पुसून टाकू नका. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप स्वतःची वेगळी प्रत बनवून Sent नावाच्या फोल्डरात ठेवतं, ती दाबलेली, लहान प्रत असते. तिचं नाव `IMG-20240715-WA0003.jpg` असल्या धाटणीचं असतं. WA दिसलं की समजावं, ही व्हॉट्सअ‍ॅपमधून गेलेली प्रत आहे. नावातली तारीखही पाठवल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. वर्षभराने विमा किंवा कोर्टाच्या कामाला 'मूळ फोटो द्या' म्हटलं की हा फरक महागात पडतो.

क्रोममधून वेबपान

क्रोममध्ये उजवीकडे वरचे तीन उभे ठिपके, त्यात Share. यादीतून व्हॉट्सअ‍ॅप, मग नाव. चॅटच्या खिडकीत पत्ता येऊन बसतो आणि क्षणभराने त्याच्यावर चित्र आणि शीर्षक असलेली चौकट उमटते. ती चौकट तुमचाच फोन त्या संकेतस्थळावरून माहिती आणून बनवतो आणि संदेशासोबत पाठवतो. चौकट यायच्या आत बाण दाबला तर पलीकडे नुसता निळा पत्ता जातो. फसव्या लिंकांच्या काळात नुसता निळा पत्ता बघून लोक तो उघडत नाहीत, म्हणून दोन-तीन सेकंद थांबा. काही संकेतस्थळं ही माहिती देतच नाहीत, तिथे कितीही थांबलात तरी चौकट येणार नाही. मग स्वतःच वर एक ओळ लिहा, 'ठिबकच्या अनुदानाची माहिती, तिसरा परिच्छेद बघ' अशी.

मराठी पानांचे पत्ते बघून बरेच जण दचकतात. मराठी विकिपीडियावरचं पुण्याचं पान शेअर करा, हे दिसेल:

```
https://mr.wikipedia.org/wiki/%E0%A4%AA%E0%A5%81%E0%A4%A3%E0%A5%87
```

व्हायरस नाही, 'पुणे' हाच शब्द आहे. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षरं तीन-तीन बाइटची होतात आणि प्रत्येक बाइट `%` सह तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणजे एका अक्षरचिन्हाला नऊ खुणा. 'पुणे'मध्ये प, उकार, ण आणि एकाराची मात्रा अशी चार चिन्हं, म्हणून छत्तीस खुणा. बातम्यांच्या संकेतस्थळांचे पत्ते चार-चार ओळींचे होतात ते यामुळे. लांब दिसतं म्हणून शेपूट कापू नका, एक खूण गेली तरी पान सापडत नाही.

कापायची गोष्ट वेगळी आहे. पत्त्यात `?` नंतर `utm_source=` किंवा `fbclid=` असं काही दिसलं, तर ते वाचक कुठून आला याची नोंद ठेवण्यापुरतं असतं. तिथून पुढचं पुसलं तरी पान उघडतं. यूट्यूबच्या लिंकमधलं `?si=` आणि त्यापुढचंही तसंच. पण `?id=` किंवा `?v=` असेल तर हात लावू नका, कोणतं पान किंवा कोणता व्हिडिओ ते त्यातच लिहिलेलं असतं. खात्री नसेल तर पुसून झाल्यावर तो पत्ता नव्या टॅबमध्ये एकदा उघडून बघा.

मोठ्या पानातला एकच परिच्छेद दाखवायचा असेल तर क्रोममध्ये एक छान सोय आहे. तो मजकूर बोट दाबून धरून निवडा, वर येणाऱ्या पट्टीतलं Share दाबा आणि Link to highlight निवडा. अशा लिंकच्या शेवटी `#:~:text=` आणि पुढे निवडलेले शब्द असतात. समोरच्याने ती क्रोममध्ये उघडली की पान थेट त्या ओळींवर जातं आणि त्या रंगवलेल्या दिसतात. मजकूर मराठी असेल तर वरचा नऊ खुणांचा हिशोब इथेही लागू होतो, तेव्हा निवड दोन-चार शब्दांची ठेवा. संपादकाने नंतर ते शब्द बदलले तर लिंक पानाच्या वरच्या टोकाला उघडते, एवढंच नुकसान.

पानातलं फक्त चित्र हवं असेल तर चित्रावर बोट दाबून धरा आणि Share image निवडा. याच यादीत एखाद्या दुव्यावर बोट धरलं तर Share link येतं, त्याने तुम्ही वाचताय ते पान जात नाही, त्या दुव्यामागचं पान जातं.

एक गोंधळ वारंवार होतो. फेसबुकसारख्या अ‍ॅपमध्ये लिंक उघडली की ती त्याच अ‍ॅपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथलं मेनू वेगळं असतं, आणि कधी पानाऐवजी पोस्टच शेअर होते. आधी तीन ठिपक्यांमधून Open in Chrome किंवा तत्सम पर्याय घ्या, मग तिथून शेअर करा.

लिंक चालत नाही ते पान: सातबाऱ्याचं उदाहरण

आता काकांचा सातबारा. `digitalsatbara.mahabhumi.gov.in` वर लॉगिन करून, १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. पडद्यावर तो दिसत असताना काकांनी क्रोमचं Share दाबलं. गेला तो पानाचा पत्ता. पण ते पान काकांच्या लॉगिनपुरतं, त्या वेळेपुरतं उघडं होतं. पुतण्याच्या फोनवर लॉगिन नाही, त्यामुळे त्याला पान दिसायचा प्रश्नच नाही. बँकेचं स्टेटमेंट, वीजबिलाची पावती, रेल्वेचं तिकीट, परीक्षेचं हॉलतिकीट, जे जे लॉगिन केल्यावर दिसतं त्या सगळ्याला हेच लागू. ओळखायची सोपी कसोटी म्हणजे क्रोममध्ये New Incognito tab उघडून तो पत्ता तिथे चिकटवणं. पान दिसलं तर लिंक पाठवा, लॉगिन मागितलं तर फाइलच पाठवावी लागेल.

पद्धत अशी.

1. पानावरचं Download दाबा. फाइल उतरली की खाली सूचना येते. त्या सूचनेतलं Open लगेच दाबू नका.
2. क्रोमच्या तीन ठिपक्यांमधून Downloads उघडा. किंवा फोनमधल्या Files अ‍ॅपमध्ये Downloads बघा.
3. फाइलचं नाव बहुधा आकड्यांची रांग असते. तिच्या शेजारच्या ठिपक्यांमधून Rename करून `satbara-gat-112.pdf` असं कळणारं नाव द्या. शेवटचं `.pdf` पुसू नका.
4. त्याच ठिपक्यांमधून Share. वर झलकेत पत्त्याऐवजी फाइलचं नाव दिसतंय ना, ते बघा. मग व्हॉट्सअ‍ॅप, नाव, पाठवा.

`.pdf` का पुसायचं नाही? त्या तीन अक्षरांवरूनच फोन `application/pdf` असा प्रकार ठरवतो. ती गेली की फाइल कसली आहे हे कोणालाच कळत नाही. मग यादीतली निम्मी अ‍ॅप गायब होतात, किंवा फाइल पोचते पण पलीकडे 'उघडायला अ‍ॅप नाही' असं येतं. फाइल बिघडलेली नसते, नावाच्या शेवटी `.pdf` परत लिहिलं की उघडते. निवडीत दोन फोटो आणि एक पीडीएफ असं मिसळलं की यादी आक्रसते तीही प्रकारांच्या सरमिसळीमुळेच. फोटो वेगळे पाठवा, पीडीएफ वेगळी पाठवा.

उतरवायचं बटणच नसेल, नुसतं पान दिसत असेल, तर पानाचीच पीडीएफ करता येते. क्रोममध्ये Share दाबल्यावर यादीत Print असतं. ते दाबा, वर प्रिंटरच्या जागी Save as PDF निवडा, पीडीएफच्या गोल चिन्हाने जतन करा आणि मग वरच्या चौथ्या पायरीप्रमाणे पाठवा. लोक याऐवजी चार-पाच स्क्रीनशॉट काढतात. ते फोटो म्हणून दाबले जातात, क्रम चुकतो, आणि बँकेतला माणूस 'एकच फाइल करून आणा' म्हणतो ते वेगळंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल २ जीबीपर्यंत जाते. २०२२ पर्यंत ही मर्यादा १०० एमबी होती, आणि अजूनही पुष्कळांच्या डोक्यात तोच आकडा आहे. कागदपत्रांना याची चिंता करायचं कारण नाही.

पासवर्ड असलेली पीडीएफ पाठवताना पासवर्ड विसरला जातो. ई-आधारची फाइल उघडायला नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्माचं वर्ष लागतं. फाइल पोचली, उघडत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा पाठवण्यात अर्थ नसतो. पासवर्ड फोनवर सांगा, त्याच चॅटमध्ये फाइलखाली लिहून ठेवू नका. आणि जिथे ओळख पटवण्यापुरतं आधार हवंय तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार उतरवून तेच पाठवा.

आयफोनवर काय वेगळं

चिन्ह वेगळं आहे, चौकोनातून वर जाणारा बाण. फोटोज अ‍ॅपमध्ये ते दाबल्यावर वर Options असा छोटा दुवा दिसतो. त्यात Location बंद करता येतं, म्हणजे ठिकाणाची माहिती शेअर करायच्या आधीच काढता येते. सफारीमध्ये हेच Options दाबलं की Automatic ऐवजी PDF निवडता येतं. तेव्हा पत्ता न जाता अख्खं पान पीडीएफ होऊन जातं, वरचा Print चा वळसा घ्यावा लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप अ‍ॅपच्या ओळीत दिसत नसेल तर ओळीच्या टोकाचं More दाबा, Edit मध्ये जाऊन ते Favorites मध्ये घाला. वरच्या ओळीतला एखादा माणूस नको असेल तर त्याच्या चित्रावर बोट दाबून धरलं की Suggest Less येतं. चुलतभावाच्या जागी ऑफिसचा ग्रुप सारखा पुढे येत असेल तर हे करून टाकावं.

चुकीच्या चॅटमध्ये गेलं तर

संदेशावर बोट दाबून धरा, वरचं कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबा आणि Delete for everyone निवडा. घाईत लोक Delete for me दाबतात. त्याने तुमच्याकडून पुसलं जातं आणि ग्रुपमध्ये तसंच राहतं, शिवाय नंतर पुसायला तुमच्या हाती संदेशच उरत नाही. तसं झालं तर खाली काही सेकंद Undo दिसतं, ते लगेच दाबा आणि पुन्हा Delete for everyone करा. सगळ्यांसाठी पुसण्याची मुदत दोन दिवसांहून थोडी जास्त असते. मात्र ज्याच्या फोनवर फोटो आपोआप डाउनलोड होतात आणि ज्याने तोवर तो दुसरीकडे पाठवलाय, त्याची प्रत यातून परत येत नाही. कागद मोठ्या ग्रुपमध्ये गेला असेल तर पुसल्यावर ग्रुपमध्ये एक ओळ लिहून 'चुकून आलंय, जतन झालं असेल तर काढून टाका' असं सांगावं, आणि पासवर्ड असलेल्या कागदाचा पासवर्ड त्या ग्रुपमध्ये पूर्वी कधी दिला होता का तेही वर जाऊन बघावं.